डिस्चार्ज समरी, मराठी-इंग्रजीतून जर्मनमध्ये : कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

नवीन काम आलं. सातारा जिल्ह्यातल्या एक काकू, वय ५८. लहानपणी सांधेताप झाला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. नोव्हेंबरमध्ये पुण्यातल्या एका रुग्णालयात कृत्रिम झडप बसवली. आता मुलाकडे स्टुटगार्टला कायमच्या निघाल्यात. विमान २४ तारखेचं आहे. मुलाने सहा पानांची डिस्चार्ज समरी पाठवली: चार पानं छापील इंग्रजी, एक पान सिस्टरांनी हाताने लिहिलेल्या मराठी सूचना आणि एक पान इकोचा रिपोर्ट.

सोबत एक जर्मन भाषांतरही आलं. मुलाच्या कोणा मित्राने ओळखीत करून दिलेलं. "ताई, हे फक्त एकदा तपासून द्या, म्हणजे स्वस्तात होईल." मी दोन पानं वाचली आणि फोन करून सांगितलं की हे तपासणार नाही, मुळातून नवं करेन. मित्राचं जर्मन चांगलं आहे, माझ्याहून सफाईदारच म्हणा ना. पण 'सीव्हिअर एमएस' असं होतं तिथे त्याने एमएस तसंच ठेवलंय. जर्मन डॉक्टर एमएस पाहून आधी मल्टिपल स्क्लेरोसिसचा विचार करेल. इथे तो मायट्रल स्टेनोसिस आहे, म्हणजे झडप अरुंद होणं. जर्मनमध्ये पूर्ण शब्द लिहायचा, मिट्रालक्लापेनश्टेनोझं. संपूर्ण आजारपणच त्या दोन अक्षरांत आहे.

४ फेब्रुवारी

औषधांच्या यादीपासून सुरुवात. नेहमी तिथूनच करते, कारण बाकीच्या मजकुरात चूक झाली तर डॉक्टर गोंधळतो, यादीत झाली तर पेशंट गोळी चुकीची घेतो. मूळ ओळी अशा:

```
T. Lanoxin 0.25       1/2 OD   5/7
T. Lasilactone 50     1 OD
T. Acitrom 2/1 mg     alt. day  6 pm
Inj. Penidure LA 12   deep IM AST q 21 days
T. Dolo 650           SOS
```

पाचच ओळी, पण पाचही ओळींत काहीतरी अडतंय.

मुलाला सांगितलं, आईंच्या प्रत्येक गोळीच्या पाकिटाचे दोन फोटो पाठवा, पुढून आणि मागून. कंपनीचं नाव पुढे असतं, पण मला मागची बारीक अक्षरं हवीत, जिथे घटक आणि प्रमाण छापलेलं असतं. आपल्याकडे डॉक्टर कंपनीच्या नावाने लिहितात आणि ती नावं जर्मनीतल्या फार्मसीत कुणाला ठाऊक नसतात. मूळ नाव मात्र पुसायचं नाही. काकूंच्या पिशवीत जे पाकीट आहे त्यावर तेच नाव असणार. म्हणून मी आधी मूळ नाव, मग चौकोनी कंसात घटकाचं आंतरराष्ट्रीय नाव, अशा क्रमाने लिहिते. घटक हा माझा शोध नाही, पाकिटावरची नोंद आहे, हेही तिथे लिहिते.

फोटो रात्री आले. एक अंधुक होता, परत मागवला.

६ फेब्रुवारी

लॅसिलॅक्टोन. नावातला ५० हा आकडा फसवा आहे. पाकिटाच्या मागे दोन घटक आहेत: स्पायरोनोलॅक्टोन ५० मिलिग्रॅम आणि फ्युरोसेमाइड २० मिलिग्रॅम. दोन्ही लघवी वाढवणारी औषधं, पण पोटॅशियमवर त्यांचा परिणाम उलटा: एक पोटॅशियम साठवतं, दुसरं घालवतं. मित्राने 'लॅसिलॅक्टोन ५० मि.ग्रॅ.' असंच ठेवलंय. तिकडच्या डॉक्टरला 'लॅसिक्स'सारखं नाव दिसलं तर तो ५० मिलिग्रॅम फ्युरोसेमाइड समजेल आणि स्पायरोनोलॅक्टोनचा पत्ताच लागणार नाही. मी दोन्ही घटक वेगवेगळ्या ओळींवर, प्रत्येकाचं प्रमाण शेजारी, असं लिहिलं.

डोलो ६५० म्हणजे पॅरासिटामॉल. आपल्याला शंकाही येणार नाही. पण जर्मन दुकानात 'डोलो'वरून सुरू होणारं जे नाव लोकांना माहीत आहे ते डोलोर्मिन, आणि त्यात आयबुप्रोफेन असतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या बाईला आयबुप्रोफेन दिलं तर रक्तस्रावाची भीती. शिवाय 'एसओएस' हे लॅटिनमधलं 'गरज पडल्यास' आहे, संकटाची हाक नाही. मित्राने ते तसंच ठेवलं होतं, म्हणजे काकूंनी संकटात डोलो घ्यायची. मी 'बाय बेडार्फ' लिहिलं. ६५० चा आकडा मात्र तसाच. तिकडे साधारण ५०० ची गोळी मिळते, पण आकडा बदलणं हे माझं काम नाही.

ओडी सोपं आहे म्हणून पुढे जात होते. मग आठवलं, डोळ्यांच्या कागदावर ओडी म्हणजे उजवा डोळा. इथे अर्थ उघड आहे, तरी कुठलंही लघुरूप जर्मनमध्ये लघुरूप म्हणून जाऊ द्यायचं नाही, असं याच कामापुरतं ठरवलं. 'दिवसातून एकदा', संपूर्ण शब्दांत.

७ फेब्रुवारी

आजचा सगळा दिवस एका 'एएसटी'वर.

पेनिड्युअर एलए १२ हे बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन. सांधेताप पुन्हा उलटू नये म्हणून दर २१ दिवसांनी देतात. १२ म्हणजे १२ लाख युनिट. मित्राच्या भाषांतरात ही ओळ अशी होती: 'पेनिड्युअर एलए १२, स्नायूत खोल, दर २१ दिवसांनी एएसटी तपासणी.' म्हणजे एएसटी हे त्याला यकृताचं एन्झाइम वाटलं. जगभरच्या रक्ताच्या रिपोर्टवर एएसटी तेच असतं, त्याचा दोष नाही. पण आपल्या वॉर्डांत पेनिसिलिनच्या पुढे एएसटी लिहिलं की त्याचा अर्थ 'आधी कातडीवर चाचणी करून'. काही ठिकाणी एटीडी लिहितात, अर्थ तोच. मित्राच्या वाचनात ॲलर्जीची चाचणी गायब झाली आणि दर तीन आठवड्यांनी यकृताची तपासणी उगवली.

त्याच ओळीत एलए म्हणजे लाँग ॲक्टिंग. इकोच्या पानावर 'एलए ५२ मिमी' आहे, तिथे तो डावा कर्णिका-कप्पा. एका कागदात एक लघुरूप दोन अर्थांनी. 'सगळीकडे शोधा आणि बदला' हे बटण वापरायची सवय असलेल्यांनी हे कागद हातात घेऊ नयेत.

लाखाचं काय करायचं? रिपोर्टात एके ठिकाणी आपल्या पद्धतीने स्वल्पविराम टाकून `12,00,000` असं आहे. जर्मनीत स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह, आणि हजारांना टिंब. तो आकडा तसाच ठेवला तर वाचणारा 'बारा पूर्णांक शून्य शून्य' इथेच अडखळेल. म्हणून १.२ दशलक्ष, जर्मन लिखाणात `1,2 Mio. I.E.` असं. आणि उलट, मूळ कागदावरच्या प्रत्येक दशांश टिंबाचा स्वल्पविराम करायचा: `0.25` चं `0,25`. एक जरी टिंब राहिलं तर पानावर दोन पद्धती होतात आणि मग वाचणाऱ्याचा कुठल्याच आकड्यावर भरवसा राहत नाही. शेवटी मी कागदावर पेन्सिलीने टिंबं मोजली. ४३ निघाली. जर्मन मजकुरात स्वल्पविरामाचे आकडेही ४३ यायला हवेत. पहिल्या मोजणीत ४२ आले. क्रिॲटिनिनमधलं एक सुटलं होतं.

१० फेब्रुवारी

लॅनॉक्सिन म्हणजे डिगॉक्सिन, हृदयाची गोळी. तिच्यापुढचं '५/७'. याचे दोन अर्थ मला माहीत आहेत. ब्रिटिश वळणाच्या लिखाणात ५/७ म्हणजे पाच दिवस, ३/५२ म्हणजे तीन आठवडे. पण डिगॉक्सिनच्या बाबतीत आपल्याकडचे हृदयरोगतज्ज्ञ अनेकदा आठवड्यातून पाच दिवस देतात, दोन दिवस सुट्टी. पहिला अर्थ घेतला तर काकूंची गोळी नोव्हेंबरातच बंद व्हायला हवी होती. दुसरा घेतला तर अजून चालू आहे. तिसरा, निष्काळजी अर्थ म्हणजे ५/७ कडे दुर्लक्ष करून रोज देणं. डिगॉक्सिनची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं, त्यामुळे अंदाजाला जागा नाही.

मुलाला विचारलं. त्याने आईला फोन दिला. काकू म्हणाल्या, "अगं, ती पांढरी अर्धी गोळी ना? शनवार-रविवार नाही घ्यायची. डॉक्टरांनी सांगितलंय, हृदयाला पण सुट्टी लागते म्हणून."

उत्तर मिळालं, पण मला ते तोंडी पुरत नव्हतं. रुग्णालयात फोन केला. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, पाच दिवस द्यायची असेल. रेसिडेंट डॉक्टर म्हणाले, आठवड्यातले पाच. मग मी शंकांची एक चिठ्ठी तयार केली, पेशंटच्या मुलाच्या सहीने, तज्ज्ञांच्या नावाने. सगळ्या शंका एकाच चिठ्ठीत पाठवते, नाहीतर तिसऱ्या फोनला कुणी उचलत नाही.

चिठ्ठीत दुसरी शंका 'आयएनआर'ची. दुसऱ्या पानावर लक्ष्य २.५ ते ३.५ आहे, चौथ्या पानावर सल्ल्याच्या चौकटीत २ ते ३. रक्त किती पातळ ठेवायचं याचा हा आकडा. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर साधारण वरचा आकडा असतो, एवढं मला ठाऊक आहे, आणि चौथ्या पानावरची चौकट दुसऱ्या पेशंटच्या साच्यातून आलेली दिसते. तरीही दुरुस्त मी करणार नाही. भाषांतरात दोन्ही आकडे जिथे आहेत तिथे, जसे आहेत तसे जातील आणि खाली टीप: मूळ कागदातच विसंगती आहे.

तिसरी शंका ॲसिट्रॉमची, ती उद्या लिहिते. डोकं दुखतंय.

११ फेब्रुवारी

ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे निकुमॅलोन. पाकिटावर हेच नाव छापलंय. ते जुनं ब्रिटिश नाव आहे, आंतरराष्ट्रीय नाव ॲसिनोकुमारॉल. जर्मन डॉक्टरसमोर निकुमॅलोन ठेवलं तर तो पुस्तकं चाळत बसेल. मी दोन्ही नावं दिली आणि 'व्हिटॅमिन केच्या विरोधात काम करणारं' हा वर्गही लिहिला.

मुलाची मागणी होती, "तिकडे फेनप्रोकुमोन देतात असं वाचलंय, तर त्याचा डोस किती होईल तेही लिहून टाका ना." नाही लिहिणार. दोन्ही औषधं एकाच घराण्यातली असली तरी ॲसिनोकुमारॉल शरीरात अर्ध्यावर यायला साधारण ८ ते ११ तास घेतं, फेनप्रोकुमोनला पाच-सहा दिवस लागतात. एकातून दुसऱ्यावर जाणं हे रक्त तपासत तपासत करायचं डॉक्टरचं काम. त्याने गंमत म्हणून विचारलं नव्हतं, काळजीने विचारलं होतं, म्हणून पंधरा मिनिटं बोलले.

डिगॉक्सिनच्या बाबतीतही असाच एक जुळा भाऊ आहे. जर्मनीत डिजिटॉक्सिनही चांगलंच वापरात आहे. स्पेलिंगमध्ये फरक दोन-तीन अक्षरांचा, पण ते शरीरातून जायला कित्येक पट वेळ लावतं. म्हणून त्या ओळीत घटकाचं नाव ठळक टाइपात.

आता '२/१ मिग्रॅ, एक दिवसाआड'. आज २, उद्या १, परवा पुन्हा २. काकूंच्या वहीतही तसंच आहे. मुलाला सोम ते रवि असा तक्ता हवा होता. कागदावर करून दाखवला: सोमवारी २ ने सुरू केलं तर रविवारी २ येतात, आणि पुढचा सोमवार १ चा. म्हणजे एका आठवड्यात एकूण ११ मिलिग्रॅम, पुढच्यात १०. वारांचा एकच तक्ता छापला तर रविवार-सोमवार लागोपाठ २ होतील आणि दर आठवड्याला ११ जातील. तक्ता रद्द. 'रोज आलटून पालटून' एवढंच लिहिलं, आणि संध्याकाळी ६ ची वेळ.

१२ फेब्रुवारी

मराठी पान. अक्षर सुंदर, बहुधा कोल्हापूरकडच्या सिस्टर असाव्यात, 'पालेभाजी एकदम बंद नको, रोज एकसारखी खावा' असं लिहिलंय. पालक, मेथी, कोबी यांत व्हिटॅमिन के असतं, अचानक वाढलं-घटलं तर रक्ताचा आकडा हलतो. मेथीला जर्मनमध्ये बॉक्सहोर्नक्ले म्हणतात, पण तो शब्द वाचून जर्मन माणसाला मसाल्याचं बी आठवतं. 'ताजी पानं, भाजी म्हणून' असं जोडावं लागलं.

'रक्ततपासणी आठवड्याआड.' मैत्रिणीने (ती माझी दुसरी वाचक, फार्मसी शिकलेली) इथे 'दर आठवड्याला' वाचलं. दिवसाआड म्हणजे एक सोडून एक दिवस, मग आठवड्याआड म्हणजे पंधरवड्याने एकदा. वहीतल्या तारखा पाहिल्या: ३ डिसेंबर, १७ डिसेंबर, ३१ डिसेंबर. चौदा-चौदा दिवस. 'आले त्स्वाय वोखन.'

मैत्रिणीनेच आणखी एक गोष्ट काढली: रक्त पातळ असताना दर २१ दिवसांनी स्नायूत सुई? आत रक्त साकळणार नाही का? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर भाषांतरात द्यायचं नाही. चिठ्ठीत चौथी शंका म्हणून घातली.

१४ फेब्रुवारी

शस्त्रक्रियेचा परिच्छेद. 'एमव्हीआर विथ टीटीके चित्रा #२७.' एमव्हीआरमधला आर झडप बदलण्याचाही असतो आणि दुरुस्तीचाही. खाली कृत्रिम झडपेचं नाव आहे म्हणजे बदललीच. # हे चिन्ह आपल्या केसपेपरवर हाड मोडल्याचं असतं, इथे मात्र २७ हा झडपेचा आकार, मिलिमीटरमध्ये.

टीटीके चित्रा ही झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झाली. १९९० मध्ये पहिल्यांदा पेशंटला बसवली गेली. तिच्यात एकच चकती असते, ती तिरकी होऊन उघडते. युरोपात हल्ली दोन पाकळ्यांच्या धातूच्या झडपा जास्त दिसतात, त्यामुळे तिकडच्या इको करणाऱ्याला पडद्यावर एकच चकती दिसली तर दुसरी अडकली की काय असं वाटू शकतं. म्हणून टिपेत एक वाक्य: एकचकती, तिरकी उघडणारी, भारतीय बनावट. आणि काकूंना मिळालेलं झडपेचं कार्ड, त्यावरच्या अनुक्रमांकासह, पहिल्या पानामागे जोडायला सांगितलं. अनुक्रमांक टाइप केला नाही, फोटोच लावला.

१७ फेब्रुवारी

चिठ्ठीचं उत्तर आलं, तज्ज्ञांच्या सहीशिक्क्यानिशी, अर्ध्या पानात. डिगॉक्सिन सोमवार ते शुक्रवार. आयएनआर २.५ ते ३.५, चौथ्या पानावरचा आकडा छपाईतली चूक. ॲसिट्रॉम आलटून पालटून. इंजेक्शन जाणूनबुजून चालू ठेवलंय, आयएनआर मर्यादेत असतानाच द्यायचं आणि जागा दहा मिनिटं दाबून धरायची.

एक नवी गोष्ट त्यांनी स्वतःहून लिहिली: जानेवारीपासून ॲसिट्रॉम रोज २. म्हणजे समरीतला डोस आता जुना. मुलगा म्हणाला, मग समरीतच २ करून टाका. तसं केलं तर नोव्हेंबरचा कागद खोटा होईल. समरी तारखेसह जशीच्या तशी, आणि आजच्या औषधांचं वेगळं पान डॉक्टरांकडून सही करून. ते उत्तर त्याच दिवशी भाषांतरित करून 'पुरवणी' म्हणून जोडलं. डिगॉक्सिनची ओळ शेवटी अशी झाली:

```
Lanoxin 0,25 mg  [Wirkstoff: Digoxin]
1/2 Tablette (= 0,125 mg) einmal täglich, Mo-Fr
Sa und So: keine Einnahme
[Anm. d. Ü.: Original "5/7"; Bedeutung laut
 schriftlicher Auskunft der Klinik vom 17.02.2025]
```

१९ फेब्रुवारी

शिवजयंती, सगळं बंद. मैत्रिणीशी फोनवर वाचन-ताळा. ती मूळ इंग्रजी आकडे वाचते, मी जर्मन. नियम असा की शब्द नाही, फक्त आकडे, एककं आणि औषधांची नावं. गंमत म्हणजे जर्मनमध्ये पंचवीसला 'पाच आणि वीस' म्हणतात, आपल्यासारखंच, त्यामुळे मराठी माणूस तिथे अडखळत नाही. इंग्रजीतून उलट्या क्रमाने ऐकणारी मैत्रीण दोनदा अडखळली: ५२ आणि २५. दोन्ही तपासले, बरोबर होते.

एक खरी चूक सापडली, माझीच. पाकिटावर 'डिगॉक्सिन आयपी' आहे. आयपी म्हणजे भारतीय औषधकोश. मी घाईत ती दोन अक्षरंही उचलली होती. जर्मन डॉक्टरच्या लेखी `i.p.` म्हणजे पोटाच्या पोकळीत सुईने. खोडलं.

२१ फेब्रुवारी

अंतिम प्रती. जर्मन कागद, त्यामागे मूळ समरी, पानांचे क्रमांक जुळवून. औषधांच्या पानाची वेगळी प्रत हातातल्या सामानात. काकूंना फोनवर समजावलं की तिकडे डॉक्टरकडे जाताना गोळ्यांची पाकिटंही न्या, कागद एकटा नेऊ नका. "पाकिटं टाकते मी, गोळ्या डबीत काढून ठेवते," म्हणाल्या. टाकू नका काकू, निदान एकेक ठेवा.

५ मार्च

मुलाचा फोन. तिथल्या फॅमिली डॉक्टरने कागद वाचले आणि एकच प्रश्न विचारला, झडपेबद्दल. कार्ड पाहून हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवलं. आणलेल्या गोळ्या संपेपर्यंत ॲसिट्रॉमच चालू ठेवणार, मग बदल कसा करायचा ते तिथे ठरेल. काकूंना रक्त काढायला बोटाला टोचलं, हाताला नाही, याचं नवल वाटतंय.

बिल पाठवलं. माझ्याकडचे सगळे फोटो आणि फाइल्स पुसल्या. शब्दसूचीत एएसटी, ५/७ आणि आठवड्याआड या तीन नोंदी वाढल्या.